महाशिवरात्रीचा पहिला उपास कसा करावा: मी तो चोरून केला, तुम्ही करू नका

मी पहिला उपास सहावीत असताना धरला, तोही घरात कुणाला न सांगता. त्या दिवाळीत मला कावीळ होऊन गेली होती, म्हणून आईनं आधीच ठणकावलं होतं, "पुढल्या वर्षी बघू." पण माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा चुलतभाऊ उपास करणार होता आणि मी लहान पोरांच्या पंगतीत भाकरी खाणार, हे काही मला सहन होईना. मग त्या एका दिवसात जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या मी केल्या. दुपारी आजीनं मला पकडलं आणि तिथून पुढचा उपास तिच्या सांगण्यानं पार पडला. खालच्या पायऱ्या त्या दिवसाच्याच आहेत. पहिल्यांदा उपास करणाऱ्याला आणि पहिल्यांदा करू पाहणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनाही त्या उपयोगी पडतील.

१. दिवस नक्की करा

यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते. उत्तर हिंदुस्थानातल्या पंचांगात तिलाच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणतात; महिना पौर्णिमेला संपवायचा की अमावास्येला, एवढाच तो फरक आहे, दिवस एकच. नोकरीसाठी दिल्ली-इंदूरला गेलेल्यांचा इथे गोंधळ होतो.

दुसरा गोंधळ तिथीचा. या दिवशी मध्यरात्री चतुर्दशी असावी लागते. त्यामुळे कधी कधी सकाळी त्रयोदशीच असते आणि चतुर्दशी संध्याकाळी लागते, तरी उपास त्याच दिवशी सकाळपासून. २०२६ सालची १५ फेब्रुवारीची महाशिवरात्र तशीच होती. "चतुर्दशी लागेपर्यंत जेवून घेऊ" असा हिशोब करू नका. मी तसा केला नव्हता, पण चुलतभावानं केला होता.

२. घरात एकाला तरी सांगा

चोरून उपास करायला महाशिवरात्र हा सगळ्यात वाईट दिवस. शाळेला सुट्टी, सगळे घरात, आणि मोठ्यांचा उपास असल्यानं आईचं सगळं लक्ष पोरांच्या पानाकडे. मी युक्ती काढली: "शेतात जाऊन खातो" म्हणून दोन भाकऱ्या आणि पिठलं फडक्यात बांधून घेतलं आणि रानात बैलापुढे टाकलं. पिठलं बैलानं खाल्लं नाही. ते मला मातीत पुरावं लागलं, आणि अन्न पुरताना जी चोरट्यासारखी भावना झाली ती अजून आठवते.

पण खरा धोका दुसराच. कुणालाच माहीत नसेल तर तुम्हाला उपासाचं खायलाही मिळत नाही. मोठ्यांसाठी खिचडी झाली होती, रताळी उकडली होती. पण मी तर "जेवलेला" होतो! मागायचं कुठल्या तोंडानं? म्हणजे घरातले बाकीचे फराळ करत होते आणि मी एकटा पूर्ण उपाशी होतो, तेही न ठरवता.

म्हणून एका माणसाला सांगा. आईवडील नाही म्हणतील असं वाटत असेल तर आजी, आत्या, मावशी, कुणीही. आणि मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल, नुकताच आजार होऊन गेला असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय धरू नका. माझ्या आईचं "पुढल्या वर्षी बघू" हे त्या दृष्टीनं बरोबरच होतं. हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

३. आपल्या घरी काय चालतं ते विचारा

उपासाचे पदार्थ प्रत्येक घरात वेगळे. एका घरी कोथिंबीर चालते, शेजारी चालत नाही. जिऱ्यावरून तर सासरमाहेरची भांडणं झालेली आहेत. आमच्याकडे मराठवाड्यात भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, रताळी, बटाटा, शेंगदाणे, दूध-दही-तूप, फळं एवढं चालतं. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी, कांदा-लसूण, हळद, हिंग, मोहरी नाही. मीठ सैंधव, म्हणजे शेंदेलोण. मिरची हिरवी.

यात तर्क शोधत बसू नका. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची हे सगळे मुळचे अमेरिका खंडातले, समुद्र ओलांडून आलेले पाहुणे. तरीही ते उपासाला चालतात आणि आपल्या शिवारातली ज्वारी चालत नाही. मी हे आजीला एकदा मोठेपणी सांगितलं, तर ती म्हणाली, "पाव्हण्याला आधी वाढायचं असतंय."

आणखी एक फरक आधीच समजून घ्या. सोमवारचा उपास संध्याकाळी सोडतात, संकष्टीचा चंद्रोदयाला. महाशिवरात्रीचा मात्र रात्रीही सोडायचा नाही. एकादशीसारखा दोन्ही वेळचा धरायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं करायचं. मला हे माहीत नव्हतं. दिवे लागले की सुटलो, या भरवशावर मी दिवस ढकलत होतो.

४. आदल्या दिवशीची तयारी

एका माणसापुरतं सामान असं:

- साबुदाणा अर्धी वाटी, दाण्याचं कूट पाव वाटीहून थोडं जास्त, एक हिरवी मिरची, तूप
- भगर अर्धी वाटी
- दोन मध्यम रताळी, दोन केळी, वाटीभर दही
- एक पिकलेलं कवठ आणि थोडा गूळ
- बेलाची पानं, पांढरी फुलं, मिळाला तर आंब्याचा मोहोर
- लिंबू, साखर, शेंदेलोण

साबुदाणा रात्रीच भिजवा. दोन-तीन पाण्यांतून धुवा, पाणी गढूळ यायचं थांबलं की निथळा आणि दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून झाका. सकाळी एक दाणा चिमटीत दाबून बघा. पूर्ण चिरडला पाहिजे. मधे कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. पाणी जास्त झालं की खिचडीचा गोळा होतो आणि तो मग काही केल्या सुटत नाही. कूट आणि मीठ कढईत नाही, आधीच साबुदाण्यात मिसळा; त्यानं दाणे मोकळे राहतात. तुपात मिरची आणि घरी चालत असेल तर जिरं टाकून साबुदाणा परता, मंद आचेवर झाकण ठेवून दाणे काचेसारखे दिसेपर्यंत वाफ द्या, मग लगेच उतरवा.

भगरीबद्दल मात्र जरा गंभीरपणे सांगतो. एकादशी, नवरात्र, महाशिवरात्र या दिवसांत भगर खाऊन मळमळ, उलट्या, चक्कर, अंग थरथरणं असा त्रास झाल्याच्या बातम्या आमच्या भागातून पुन्हा पुन्हा येतात. कारण बहुधा बुरशीचं विष असतं. दमट जागी पडून राहिलेल्या भगरीवर बुरशी धरते, ती डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि शिजवल्यानं विष जातंच असंही नाही. त्यामुळे सुटी, जुनी भगर घेऊ नका. तारीख असलेलं बंद पाकीट घ्या, निवडून धुऊन वापरा. भगरीचं तयार पीठ तर घेऊच नका, कारण पिठात ओल लवकर धरते आणि जुना माल ओळखू येत नाही. पीठ हवंच असेल तर त्या दिवसापुरतं घरी दळा. वास कुबट आला तर सरळ फेकून द्या. आजी दरवर्षी भगर आदल्या दिवशी उन्हात घालायची. तेव्हा मला वाटायचं, ही पण पूजाच असेल.

कवठ पिकलंय का हे बघायला ते फरशीवर वीतभर उंचीवरून सोडा. उसळलं तर कच्चं, धप्प आवाज करून बसलं तर पिकलेलं. गरात जवळपास तेवढाच गूळ, मीठ, किंचित तिखट घालून कुस्करलं की चटणी तयार. कवठाचा हंगाम आणि शिवरात्र नेमकी जुळते, म्हणून आमच्याकडे त्याशिवाय ताट पुरं होत नाही.

बेल आदल्या दिवशीच आणा. चतुर्दशीला, अमावास्येला आणि सोमवारी बेल तोडू नये असा रिवाज आहे. बेल शिळा होत नाही असं मानतात, त्यामुळे आधी आणलेला चालतो. मी त्या दिवशी पहाटेच शहाणपणा करून ओच्यात बेल भरून आणला. आजीनं विचारलं, "आज तोडलास?" मी मान डोलावली. ती काही बोलली नाही, पण तो बेल बाजूला ठेवून कालचा वापरला. माझी त्या दिवसातली पहिली चूक तीच होती.

५. दिवसभर पाणी पीत राहा

माझी सगळ्यात मोठी चूक अशी की "कडक उपास" म्हणजे पाणीही नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. तेही फेब्रुवारीच्या उन्हात, रानात. बारा वाजेपर्यंत जीभ टाळूला चिकटली, कपाळ ठणकायला लागलं. दीडच्या सुमारास बांधावरून उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसलो, थोड्या वेळानं कसाबसा घरी आलो.

आजी ओसरीत वाती वळत होती. तिनं मला बोलावलं, हनुवटी धरून ओठ बघितले आणि हळू आवाजात विचारलं, "पाणी कधी प्यालास?"

"सकाळी."

"आणि भाकर?"

मी गप्प. तिनं आईला हाक मारली नाही. उठून तांब्याभर पाण्यात लिंबू पिळलं, साखर आणि शेंदेलोण घातलं आणि समोर धरलं. "घोट घोट पी. एकदम पिलास तर ओकशील." मग दोन उकडलेली रताळी दिली. "महादेवानं विष प्यालं, ते त्याला पचलं. तू पाण्यावाचून मरशील."

तेव्हा पहिल्यांदाच करणाऱ्यानं निर्जळीच्या वाटेला जाऊ नये. सकाळपासून दर तास-दीड तासाला पेलाभर पाणी. मधे एकदा ताक किंवा लिंबूपाणी. खाणं दोन वेळा, थोडं थोडं. सकाळी केळं आणि दूध, दुपारी रताळी-दही किंवा भगर आणि दाण्याची आमटी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिठूळ भाग आहे. नुसता खाल्ला तर पोट जड होतं आणि तरी लवकर भूक लागते, म्हणून त्यात कूट आणि बरोबर दही हवंच. रिकाम्या पोटी चहावर चहा ढोसू नका, संध्याकाळी छातीत जळजळ होणारच. दुसरं टोकही आहे: खिचडी, वडे, वेफर्स, बर्फी असं दिवसभर चालू. त्याला आपल्याकडे एकादशी दुप्पट खाशी म्हणतात.

अंधारी येणं, हातपाय थंड पडणं, लघवी गडद पिवळी होणं, यांपैकी काही दिसलं तर लगेच पाणी-साखर घ्या आणि आडवे व्हा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर उपास तिथेच सोडून डॉक्टरकडे जा.

६. चुकून खाल्लं तर काय?

हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. मला पडला तो असा. सकाळी नऊच्या सुमारास मी हरभऱ्याच्या बांधावर बसलो होतो. आमच्याकडे त्या दिवसांत हरभऱ्याला घाटे भरलेले असतात, आणि रानात बसलेल्या पोराचा हात आपोआप त्यांच्याकडे जातो. चार-पाच घाटे सोलून तोंडात गेल्यावर मला आठवलं की आपला उपास आहे! थुंकलो, पण दोन दाणे गिळले गेले होते. तिथून पुढे पाणी न पिण्याचा हट्ट आणखी घट्ट धरला तो याच अपराधाची शिक्षा म्हणून.

रताळं खाता खाता मी आजीला हेही सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, "चूळ भर, शंकराचं नाव घे, पुढं चाल. जाणूनबुजून खाल्लास का? नाही ना?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण भाकर बैलाला घातलीस, ती जाणूनबुजून. आईला खोटं सांगितलंस, ते पण. त्याचं काय करायचं ते तू ठरव."

म्हणजे नियम सोपा: चुकून काही तोंडात गेलं तर चूळ भरून उपास पुढे चालू ठेवा. दिवस वाया गेला म्हणून चिडून जेवायला बसू नका, आणि स्वतःला शिक्षा म्हणून पाणीही तोडू नका.

७. देवळात

सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ टाळा. पहाटे लवकर किंवा संध्याकाळ बरी. औंढ्या नागनाथसारख्या ठिकाणी, जिथे पिंड जमिनीखालच्या अरुंद गाभाऱ्यात आहे, तिथे उपाशीपोटी गर्दीत गुदमरायला होतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर गावातलं साधं देऊळ गाठा. आम्ही तेच केलं.

बेलाचं पान तीन पानांचं, न फाटलेलं, किड्यानं भोकं न पाडलेलं घ्या. देठाच्या टोकाची जाड गाठ खुडा आणि पान पालथं वाहा, म्हणजे गुळगुळीत बाजू पिंडीला लागेल. तुळस वाहू नका. हळद-कुंकवाऐवजी भस्म. पुष्कळ जण पसाभर धान्य घेऊन येतात, पण ती शिवामूठ श्रावणी सोमवारची. प्रदक्षिणा पूर्ण घालायची नाही: अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर येतं तिथपर्यंत जा, ती न ओलांडता माघारी फिरा आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत येऊन परता. मी उत्साहात पन्हळीवरून उडी मारली होती. आजीनं दंडाला धरून मागे खेचलं. दंड दोन दिवस दुखत होता.

८. रात्र

सूर्यास्त ते सूर्योदय या बारा तासांचे चार प्रहर, प्रत्येकी साधारण तीन तासांचे. ज्यांच्याकडे यामपूजा असते ते प्रत्येक प्रहरी अभिषेक करतात. अनेक घरी क्रमानं दूध, दही, तूप आणि मध. पहिल्या वर्षी चारही प्रहर जागायचा पण करू नका. मध्यरात्रीच्या पूजेपर्यंत जागलात तरी पुष्कळ. संध्याकाळी सातच्या आत हलकं काहीतरी खा आणि जवळ पाणी ठेवा. दुसऱ्या दिवशी लांब गाडी चालवायची असेल तर जागरण नको.

आमच्याकडे आजी रात्री शिवलीलामृताचा दुसरा अध्याय वाचायची. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ १७१८ साली बारामतीला पूर्ण केला, आणि त्याच्या या अध्यायात शिवरात्रीच्या व्याधाची गोष्ट आहे. शिकार न मिळाल्यानं दिवसभर उपाशी राहिलेला पारधी रात्री पाण्याकाठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो. समोरचं नीट दिसावं म्हणून तो नकळत पानं खुडून खाली टाकत राहतो. झाडाखाली पिंड असते, पानं तिच्यावर पडतात. हरिणं येतात, पाडसांना भेटून परत येतो म्हणून शब्द देतात, तो त्यांना सोडतो, आणि पहाटे ती खरंच परत येतात.

आजी वाचता वाचता थांबली. कंदिलाच्या उजेडात माझ्याकडे बघत म्हणाली, "त्याचा हात बेलाकडं गेला, तुझा घाट्याकडं." आई, अप्पा, चुलतभाऊ, कुणालाच काही कळलं नाही. मी मात्र मान खाली घातली. पुढे हरणी पाडसाला भेटून परत येते तो भाग आला, तेव्हा मी उठून आईजवळ जाऊन बसलो आणि तिच्या कानात सगळं सांगितलं. बैलासकट. आईनं काही न बोलता माझं कपाळ चाचपलं, ताप आहे का ते बघितलं आणि पदर माझ्या पाठीवर टाकला. दुसरा प्रहर संपायच्या आत मी झोपलो होतो.

९. पारणं

सकाळी अंघोळ, पूजा, नैवेद्य आणि मग जेवण. चोवीस तास हलकं खाल्लेल्या पोटात एकदम पुऱ्या आणि तळण घालू नका. पोट दुखतं, पुष्कळांना जुलाब होतात. आधी कोमट पाणी, मग मऊ भात, साधं वरण, तूप, लिंबू. दोन घास कमीच खा. तिखट आणि तळलेलं रात्रीला ठेवा.

आमच्याकडे पारण्याला उपास करणाऱ्यांची पंगत आधी बसते, पोरं नंतर. मी सवयीनं चुलीपाशी माझी ताटली घ्यायला गेलो. आईनं ती काढून घेतली, फळीवरून मोठं ताट उतरवलं आणि अप्पा आणि चुलतभाऊ यांच्या मधोमध पाट मांडला. भावानं विचारलं, "हा इथं कसा?"

"बस रे," आई म्हणाली, आणि माझ्या भातावर तूप वाढलं. शेजारी, वाटीत, पाच-सहा सोललेले घाटे होते. ते कुणी ठेवले हे विचारायला मी वर बघितलं तेव्हा आजी वाती वळत होती.